लॅमिनेट केलेल्या नोटिशीचा फोटो: चकाकी आणि सावलीत हरवणारी अक्षरं कशी वाचवायची

सोसायटीची लॉबी, शाळेचं दार, तलाठी कार्यालयाची भिंत, एसटी स्टँडवरची चौकशी खिडकी, कुठेही पाहा, नोटीस टिकावी म्हणून लॅमिनेट करूनच लावलेली असते. समोर उभं राहून ती वाचायला काही अडचण येत नाही. फोटो काढून घरी उघडला की मात्र मधलाच एखादा अनुस्वार गायब, एखादा आकडा अर्धा, कधी सबंध शब्दाच्या जागी पांढरा पट्टा. वाचताना आपण नकळत मान हलवतो, त्यामुळे डोळ्याला लागणारी चमक सरकत राहते आणि झाकलेली अक्षरं दिसून जातात. कॅमेरा एकाच जागेवरून एकदाच बघतो. त्या क्षणी चमक जिथे असेल तिथलं अक्षर गेलंच.

अशा फोटोवरून मजकूर टाइप करायचा असेल किंवा अक्षरं ओळखणाऱ्या ॲपकडे तो द्यायचा असेल, तर एक गोष्ट आधीच पक्की धरा. चकाकीने खाल्लेलं अक्षर घरी बसून परत आणता येत नाही. सावलीत बुडालेलं बहुतेक वेळा आणता येतं. म्हणून नोटिशीसमोर असताना सगळी मेहनत चकाकी घालवण्यावर करायची. त्यापायी थोडी सावली आली तरी चालेल.

चकाकी पुसते, सावली झाकते

लॅमिनेशनच्या पाऊचमध्ये बाहेरून गुळगुळीत पॉलिएस्टर असतं आणि आतून गरम झाल्यावर वितळणारा गोंदाचा थर. पाऊच ८०, १२५, १७५, २५० मायक्रॉन अशा जाडीत मिळतात. चकाकीच्या दृष्टीने जाडीपेक्षा पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा महत्त्वाचा. हे प्लास्टिक समोरून आलेल्या उजेडापैकी चार-पाच टक्के आरशासारखं परत फेकतं. चार-पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते कशाचे, ते बघा. ट्यूबलाइट स्वतः कागदापेक्षा शंभरपटीहूनही जास्त तेजस्वी असते. तिचे चार टक्केसुद्धा कागदाच्या पांढऱ्याला सहज मागे टाकतात.

हिशेब ढोबळ आकड्यांत करू. घरातल्या साध्या उजेडात कोऱ्या कागदाचं तेज १०० धरलं, तर त्यावरच्या काळ्या शाईचं साधारण ६ भरेल. फरक एवढा मोठा असल्यामुळे अक्षर ठसठशीत दिसतं. आता त्याच जागी ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं आणि त्याने वरून ५०० ची भर घातली. कागद झाला ६००, शाई झाली ५०६. कॅमेऱ्याने एक्स्पोजर कागदाच्या १०० कडे बघून ठरवलेलं असतं, त्यामुळे दीडशेच्या वर जे काही असेल ते तो ‘पूर्ण पांढरं’ म्हणून नोंदवतो. फोटोत कागद २५५ आणि शाईसुद्धा २५५. दोन्ही आकडे सारखेच, म्हणजे त्या जागी अक्षर होतं याचा पुरावाच उरला नाही. मग कुठलंही ॲप, कुठलाही फिल्टर लावा, तिथून काही निघणार नाही.

सावलीचा हिशेब वेगळा आहे. सावली भर घालत नाही, भाग लावते. उजेड चौथाई झाला तर कागद २५ आणि शाई दीड. दोघांमधलं प्रमाण होतं तेवढंच राहिलं, त्यामुळे नंतर उजळलं की अक्षर वर येतं. याला मर्यादा आहे. अंधार फार झाला की फोटोत दाणे येतात, फोन ते दाणे घोटून गुळगुळीत करायला जातो आणि त्या घोटण्यात बारीक टिंबं दाण्यांबरोबर पुसली जातात.

या दोहोंच्या मधली एक अवस्था नवख्यांच्या हमखास नजरेतून सुटते. पाठीमागच्या उघड्या दारातून आकाश दिसत असेल तर नोटिशीवर पांढरा ठिपका पडत नाही, सगळ्या कागदावर दुधाळ पापुद्रा येतो. अक्षरं काळ्याऐवजी राखाडी दिसतात आणि फोटो ‘जरा फिका आलाय’ एवढंच वाटतं. पण जाड रेघा टिकल्या तरी बारीक रेघा त्यात विरून गेलेल्या असतात. मॅट लॅमिनेशनवर हेच जास्त होतं. तिथे ट्यूबचा प्रखर पट्टा दिसत नाही, तोच उजेड पसरून मोठ्या भागावर बसतो.

देवनागरीत आधी काय जातं

चकाकीच्या कडेला उजेड हळूहळू वाढत जातो, म्हणून तिथे आधी बारीक खुणा जातात आणि जाड काने टिकतात. मराठी मजकुरात या बारीक खुणाच अर्थ धरून असतात. अनुस्वार गेला की ‘मुलींची यादी’ची ‘मुलीची यादी’ होते आणि वाचणाऱ्याला काही खटकत नाही. रफार गेला की ‘मार्च’चा ‘माच’ होतो. हे निदान चुकीचं दिसतं तरी. ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ गेली की ‘प’ उरतो. ‘ब’च्या पोटातली गेली की ‘व’. ‘थ’ची वरची गाठ गेली की ‘य’. शिरोरेषेचा तुकडा उडाला की ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांच्यात गल्लत सुरू होते, कारण या जोड्यांतला मोठा फरक वरच्या रेघेपाशीच असतो.

मोडलेला शब्द डोळ्याला टोचतो, म्हणून तो तितका घातक नाही. घातक ते, जिथे काही गेल्यावरही उरलेलं शहाण्यासारखं दिसतं. आकडे त्यात पहिले. १३ मधला १ गेला की ३ उरतो, आणि ३ ही सुद्धा तारीखच आहे. १,५०० मधलं शेवटचं शून्य गेलं की स्वल्पविराम चुकीच्या जागी दिसतो, त्यामुळे निदान शंका येते. पण स्वल्पविराम न देता १५०० लिहिलं असेल तर १५० अगदी सरळ वाचलं जातं. इंग्रजी आकड्यांत 8 ची डावी बाजू धुतली गेली की 3 तयार. ‘१०.३०’ मधलं टिंब तर केव्हाच गेलेलं असतं.

सावलीत उलट होतं. तिथे खुणा जाण्याऐवजी एकमेकींत मिसळतात. ‘में’वरची मात्रा आणि अनुस्वार यांचा एकच गोळा होतो, ‘ब’ आणि ‘ष’ यांची पोटं भरून काळी होतात, जोडाक्षरांतल्या फटी बुजतात. लाल शाईतली ओळ असेल तर ती काळ्या ओळीच्या आधी बुडते, कारण लाल आणि कागद यांच्यातला फरक मुळातच कमी असतो.

नोटिशीसमोर: फोटो काढायच्या आधी

फोनची मागची काच सुती कापडाने पुसा. बोटांचा तेलकटपणा लेन्सवर असेल तर चकाकीभोवती धुकं पसरतं आणि एरवी शाबूत राहिलेल्या दोन-तीन ओळी आणखी फिक्या होतात. नोटिशीवरची धूळही कोरड्या कापडाने हलकेच झटका. नोटीस बोर्डाला काचेचं सरकतं दार असेल तर ते सरकवायला सांगा. काच म्हणजे चमकणारे आणखी दोन पृष्ठभाग. दार कुलपात असेल तर किल्ली बहुतेक वेळा वॉचमनकडे किंवा ऑफिसात असते, आणि मागितली तर मिळते.

मग नोटीस सपाट आहे का ते बघा. वरच्या दोन पिनांवर टांगलेला लॅमिनेट केलेला कागद खालून पुढे वळतो. सपाट पृष्ठभागावर ट्यूबलाइटचं एकच प्रतिबिंब पडतं आणि ते कुठे सरकेल याचा अंदाज येतो. वळलेल्या पृष्ठभागावर ते लांब ताणलं जातं, कारण प्लास्टिक जितक्या अंशांनी कलतं त्याच्या दुप्पट अंशांनी परावर्तित उजेड वळतो. कोणी सोबत असेल तर खालचे दोन कोपरे बोटांनी भिंतीला टेकवून धरायला सांगा. पाऊचमध्ये राहिलेले हवेचे बुडबुडे आणि सुरकुत्या मात्र दाबून जात नाहीत. प्रत्येक बुडबुडा दिव्याचं स्वतःचं छोटं प्रतिबिंब दाखवतो, टाचणीच्या डोक्याएवढं, म्हणजे बरोबर अनुस्वाराच्या मापाचं. मोठा पांढरा पट्टा कोणाच्याही लक्षात येतो. हे ठिपके येत नाहीत, म्हणून बुडबुडे कुठल्या ओळींवर आहेत ते आधीच बघून ठेवा.

आता फोन जिथे धरणार त्याच जागी एक डोळा आणा, दुसरा मिटा, आणि मजकूर वाचायचं सोडून प्लास्टिकमध्ये काय दिसतंय ते बघा. ट्यूब दिसते, दार दिसतं, तुमचा पांढरा शर्ट दिसतो, समोरच्या इमारतीची उन्हातली भिंत दिसते. जे उजळ दिसेल ते फोटोत अक्षरांवर बसणार. हे बघायला अर्धं मिनिट पुरतं आणि पुढचे निम्मे प्रश्न इथेच कळतात.

चकाकी हटवायच्या पायऱ्या

पहिली पायरी म्हणजे फोनचा फ्लॅश बंद करणं. ‘ऑटो’वर ठेवू नका, पूर्ण बंद करा. फ्लॅश लेन्सला चिकटूनच असतो, त्यामुळे समोरून फोटो काढला की त्याचं प्रतिबिंब नोटिशीच्या मधोमध बसतं.

दुसरी, उजेडाचा उगम थांबवणं. लॉबीत दोन ट्यूब असतील तर नोटिशीसमोरची बंद करून बाजूची चालू ठेवा. समोरचं दार लोटून घ्या. बल्ब किंवा ट्यूब बंद करणं शक्य नसेल तर पुढची युक्ती करा.

तिसरी पायरी काळ्या छत्रीची, आणि आमच्या मते सगळ्यांत कामाची. लॅमिनेशन आरसा आहे, तर त्या आरशासमोर काळी वस्तू धरली की त्यात काळंच दिसेल. छत्री उघडून स्वतःच्या मागे, आतली बाजू नोटिशीकडे करून धरा आणि तिच्या पुढे फोन. किती मोठी काळी वस्तू लागेल याचा हिशेब सोपा आहे. फोनच्या रेषेत धरलेली वस्तू नोटिशीच्या दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच हवी. ए-४ कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटर असतो, म्हणजे साधारण ४२ बाय ६० सेंटिमीटरचा काळा भाग पुरे. साध्या मोठ्या छत्रीत तो आरामात बसतो. छत्री आतून चंदेरी असेल तर उपयोग नाही, उलट नुकसान. छत्री नसेल तर गडद शाल चालते, आणि गडद शर्ट घातलेला माणूस मागे उभा केला तरी मधला भाग वाचतो. कडेच्या ओळी मात्र तपासाव्या लागतात.

छत्रीने मागचा उजेड अडतो, म्हणून कागदावर उजेड बाजूने यायला हवा. खिडकी डावीकडे किंवा उजवीकडे असेल आणि तिचा उजेड नोटिशीवर तिरपा पडत असेल, तर त्याचं परावर्तन दुसऱ्या बाजूला निघून जातं, लेन्समध्ये येत नाही. अशी जागा मिळाली तर छत्रीचीही गरज पडत नाही.

चौथी पायरी, बाजूला सरकणं. उगम हटत नसेल तर स्वतः हटा. ए-४ नोटिशीपासून अर्ध्या मीटरवर असाल तर वीस सेंटिमीटर वर, खाली किंवा बाजूला सरकून फोन तिरका केला की साधारण बावीस अंशांचा कोन होतो. एवढ्या कोनाने अक्षरं दहा टक्क्यांहूनही कमी दबतात आणि घरी सरळ करता येतात. चाळीस अंशांच्या पलीकडे जाऊ नका. लांबची कड फोकसमधून जाते आणि जवळजवळच्या रेघा एकमेकींवर चढतात. अगदीच काळोखात फ्लॅश वापरण्यावाचून इलाज नसेल तरी हाच कोन उपयोगी पडतो. फ्लॅशचा ठिपका नेहमी लेन्समधून नोटिशीच्या पातळीवर काढलेल्या लंबाच्या टोकाशी पडतो. ते टोक कागदाच्या बाहेर गेलं की ठिपकाही बाहेर. अट एकच, कागद सपाट हवा.

पोलराइज्ड गॉगलची काच लेन्ससमोर धरण्याचा सल्ला अनेक जण देतात. बऱ्याच तिरक्या कोनातून तो खरा आहे, पन्नास-साठ अंशांच्या आसपास परिणाम सर्वांत जास्त दिसतो. पण त्या कोनातून मजकूर वाचण्याजोगा येत नाही आणि समोरून काढलेल्या फोटोत या काचेने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. त्या नादी न लागलेलं बरं.

पाचवी, अंतर आणि झूम. फोन कागदाला चिकटवून काढलेल्या फोटोत फोनची आणि हाताची सावली येते. मीटरभर मागे जा आणि फोनला दुपटीची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. बोटांनी ताणून केलेला झूम नको. कागद चौकटीत जवळपास पूर्ण भरला पाहिजे. बारा मेगापिक्सलच्या फोटोची लांब बाजू ४००० पिक्सलची असते. ए-४ ची लांबी त्यातले साडेतीन हजार पिक्सल व्यापत असेल तर दर मिलिमीटरला सुमारे बारा पिक्सल मिळतात. नेहमीच्या छपाईतला अनुस्वार अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे सहा पिक्सल. कागद निम्म्याच चौकटीत असेल तर त्याला तीनच पिक्सल मिळतात आणि फोनची घोटाई त्याला धूळ समजून पुसते.

सहावी, एक्स्पोजर खाली आणणं. पडद्यावर नोटिशीला बोट लावा, शेजारी सूर्याचं चिन्ह येईल, ते खाली ओढा. कागद पांढराशुभ्र दिसायला नको, फिकट राखाडी दिसायला हवा. मघाचा हिशेब आठवा. चकाकीत कागद ६०० आणि शाई ५०६ होती. दोन्ही आकडे कॅमेऱ्याच्या मर्यादेच्या आत आणले तर तो फरक थोडा का होईना नोंदला जातो आणि घरी ताणून अक्षर दिसू शकतं. उन्हाचं थेट प्रतिबिंब असेल तर हेही चालत नाही, पण ट्यूबच्या पट्ट्यात अनेकदा चालतं. बाकीचा कागद काळपट येईल, येऊ द्या. तो सावलीचा प्रकार झाला, आणि सावली परवडते.

एक फोटो काढून कधीच निघू नका. समोरून एक, पाऊलभर डावीकडून एक, पाऊलभर उजवीकडून एक. चकाकी तिन्हींत वेगवेगळ्या ओळींवर पडली पाहिजे. एकाच जागी पडलेले तीन फोटो म्हणजे एकच फोटो. फोन टेबलावर किंवा स्टँडवर ठेवता येत असेल तर आणखी चांगली पद्धत आहे. फोन हलवायचा नाही, उजेड हलवायचा. एकदा दार लोटून, एकदा ट्यूब बंद करून. असे फोटो घरी एकमेकांवर तंतोतंत बसतात.

सावलीचं गणित

सगळी नोटीस सावलीत असेल तर घाबरायचं कारण नाही. अर्धी उन्हात आणि अर्धी सावलीत असेल तर आहे. कॅमेरा सावलीकडे बघून एक्स्पोजर ठरवतो आणि उन्हातला भाग पांढरा होतो, किंवा उन्हाकडे बघतो आणि सावलीतला भाग काळाकुट्ट. खिडकीच्या गजांच्या सावल्या पट्ट्यापट्ट्यांनी पडल्या असतील तर दोन्ही नुकसानं ओळीआड. उपाय एकच: छत्रीने सगळी नोटीस सावलीत घ्या.

सावलीत फोन जास्त वेळ शटर उघडं ठेवतो, त्यामुळे हात हलल्याचं दिसतं. आडवा हलला तर काने पसरतात आणि शिरोरेषा स्वच्छ राहते; उभा हलला तर शिरोरेषा पसरून मात्रा आणि अनुस्वार गिळते. मराठीला दुसरा प्रकार जास्त महागात पडतो. बटण दाबताना फोन खालीच झुकतो, म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावा आणि कोपर भिंतीला किंवा खुर्चीच्या पाठीला टेकवा.

जागा सोडण्यापूर्वी

फोटो पूर्ण झूम करून ओळ न् ओळ समोरच्या कागदाशी ताडा. वेळ कमी असेल तर निदान तारीख, वार, वेळ, रक्कम, फोन नंबर आणि ‘नाही’, ‘नये’, ‘वगळून’ असे शब्द असलेल्या ओळी ताडाच. बुडबुडे असलेल्या ओळी त्यानंतर. शंका असलेला आकडा फोनमध्ये बोलून ठेवा किंवा कागदावर टिपून घ्या.

हे फोटोंच्या यादीतल्या छोट्या चित्रावरून करू नका. आणि स्कॅनर ॲपच्या काळ्या-पांढऱ्या फिल्टरमध्ये तर मुळीच नाही. तो फिल्टर चकाकीचा पट्टा आणि कोरा कागद दोन्ही सारखेच पांढरे करतो. मूळ रंगीत फोटोत चकाकी निदान चकाकीसारखी दिसते. फिल्टरनंतर तिथे कधी काही छापलेलंच नव्हतं असं वाटतं. मूळ फोटो जपून ठेवा आणि दुसऱ्याला पाठवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून लहान केलेल्या प्रतीत अनुस्वार पुन्हा जातात.

घरी आल्यावर

असमान सावली काढायला फोटोची धूसर प्रत करून तिने मूळ फोटोला भागायचं. धूसर प्रतीत अक्षरं विरतात आणि फक्त उजेडाचा चढउतार उरतो, तो भागाकारात निघून जातो. इमेजमॅजिक हा मोफत प्रोग्रॅम असेल तर एवढं पुरतं:

```
magick foto.png -colorspace gray \( +clone -blur 0x40 \) -compose Divide_Src -composite saaf.png
```

अक्षरं मोठी असतील तर ४० चा आकडा वाढवा. विंडोजवर कंसांआधीच्या तिरप्या रेघा काढून टाका.

वेगवेगळ्या जागी चकाकी असलेले दोन फोटो एकत्र करायचे असतील तर आधी ते एकमेकांवर बसवायचे आणि मग प्रत्येक बिंदूवर दोघांपैकी जे जास्त काळं असेल ते घ्यायचं. चकाकी नेहमी उजळच असते, त्यामुळे ती गळून पडते. हे बसवण्याचं काम ह्युजिन या फोटो जोडणाऱ्या मोफत प्रोग्रॅमसोबत येणारी पहिली आज्ञा करते:

```
align_image_stack -x -y -z -a sarkhe_ ek.jpg don.jpg
magick sarkhe_0000.tif sarkhe_0001.tif -evaluate-sequence min ekatra.png
```

यातली मेख लक्षात ठेवा. जास्त काळं ते घेतल्यामुळे चकाकी जाते, पण दोन्ही फोटोंतल्या सावल्या मात्र जमा होतात. म्हणून आधी एकत्र करा आणि सावली काढायची वरची आज्ञा नंतर चालवा.

टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या मोफत प्रोग्रॅमने मजकूर काढत असाल तर तो आधी फोटो काळ्या-पांढऱ्यात बदलतो, आणि सहसा सगळ्या पानाला एकच सीमारेषा लावतो. सीमा ५० वर बसली आणि सावलीतला कागद २५ वर असेल तर तो अख्खा भाग काळा धरला जातो, ओळीच्या ओळी गळतात. पाचव्या आवृत्तीपासून भागाभागाने सीमा ठरवण्याची सोय आहे, ती चालू करा:

```
tesseract saaf.png majkur -l mar --psm 6 -c thresholding_method=2
```

एक नोटीस, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, लॉबीतल्या ए-४ नोटिशीवर असा मजकूर आहे: ‘टाक्यांच्या साफसफाईसाठी मंगळवार, दि. १३ मे २०२५ रोजी सकाळी ९ ते दुपारी ४ पाणी बंद राहील. थकबाकी असलेल्या सभासदांनी ऑफिसमध्ये संपर्क साधावा.’ छताची ट्यूब कागदाच्या वरच्या तिसऱ्या भागात उमटते आणि ‘थकबाकी’च्या वर एक बुडबुडा आहे.

समोरून काढलेल्या फोटोत पट्टा तारखेवरून जातो. टाइप करून मिळतं: ‘मंगळवार, दि. ३ मे २०२५ रोजी सकाळी ९ ते दुपारी ४ पाणी बद राहील. यकबाकी असलेल्या…’ ‘बद’ आणि ‘यकबाकी’ कोणीही दुरुस्त करेल. ‘३ मे’ कोणी करणार नाही, कारण त्यात चुकीचं काही दिसतच नाही. पण शेजारी वार आहे. ३ मे २०२५ ला शनिवार होता, मंगळवार नव्हता. त्या महिन्यातले मंगळवार ६, १३, २० आणि २७ चे. दिसणारा आकडा ३ वर संपतो, म्हणून १३ हीच तारीख बसते. शिवाय ‘दि.’ आणि ‘३’ यांच्यामध्ये एका आकड्याएवढी मोकळी जागा आहे, तीही हेच सांगते. छापील मजकुरात अकारण रुंद फट दिसली की तिथे काहीतरी गेलंय असं धरूनच चाला.

इथे वार होता म्हणून निभावलं. रकमेला असा साक्षीदार बहुतेक वेळा नसतो, जोवर ती अक्षरीही लिहिलेली नसेल. तिथे अंदाजाने आकडा भरायचा नाही. ‘₹[…]५००’ असं लिहून जागा दाखवायची आणि किती आकडे मावतील ते शेजारी नोंदवायचं. तर्काने भरलेलं अक्षर असेल तर तेही वेगळं दिसू द्या, उदाहरणार्थ ‘[१]३ मे’. अक्षरं ओळखणारी ॲपं असं करत नाहीत. त्यांना जे शब्दासारखं दिसतं ते ती छातीठोकपणे देतात, म्हणून फटी शोधायचं काम तुमच्याकडेच राहतं.

डावीकडून काढलेल्या दुसऱ्या फोटोत पट्टा ‘साफसफाईसाठी’वर सरकलेला असतो आणि तारीख पूर्ण वाचता येते. ‘थकबाकी’वरचा बुडबुड्याचा ठिपका मात्र दोन्ही फोटोंत जवळजवळ तिथेच राहतो, कारण गोलसर फुगवट्यावर कुठूनही पाहिलं तरी दिव्याचं प्रतिबिंब कुठेतरी सापडतंच. त्याच्यावर इलाज छत्रीचा नाही. ट्यूब बंद करून, बाजूच्या दाराच्या उजेडात तिसरा फोटो घ्यावा लागतो. तेही जमलं नाही तर सेक्रेटरींकडे नोटिशीची मूळ फाइल मागा. लॅमिनेट केलेली नोटीस कोणत्या ना कोणत्या कॉम्प्युटरवर टाइप केलेली असते, आणि ती फाइल शोधायला दोन मिनिटं लागतात.